उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीपर्यंत

पानथरी, म्हणजे प्लीहा, असते डाव्या बरगड्यांच्या आड, बरीच मागे. तरीही ती वाढली आहे का हे पाहताना नीट शिकलेला डॉक्टर पहिला हात ठेवतो तो पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अपेंडिक्सचं दुखणं जिथे येतं त्या जागी. तिथून तो बेंबीवरून तिरका वर सरकत डाव्या बरगडीपर्यंत जातो. तपासून घेणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण वाढणारी पानथरी नेमकी याच तिरक्या वाटेने खाली उतरते. थोडी वाढली तर बरगडीखाली जेमतेम डोकावते, फार वाढली तर बेंबी ओलांडून थेट उजव्या ओटीपोटात पोचते. बोटांना अवयव ओळखू येतो तो त्याच्या कडेवरून. सुरुवातच डाव्या बरगडीखाली केली तर मोठ्या पानथरीची कड केव्हाच मागे राहिलेली असते, हात तिच्या सपाट पाठीवर पडतो आणि पोटाचे स्नायूच जरा ताठ आहेत असं वाटून तपासणारा पुढे जातो. म्हणजे पानथरी जितकी मोठी तितकी ती निसटण्याची शक्यता जास्त. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्येच सांगितलं जातं, आणि दरवर्षी परीक्षेत काही जणांचा हात तरीही डावीकडेच जातो.

ही चूक परीक्षेत पकडायची कशी, हा मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. पोटाच्या तपासणीची परीक्षा आता बऱ्याच महाविद्यालयांत ‘ऑस्की’ पद्धतीनेही घेतली जाते. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी सहकाऱ्यांसह 1975 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी, आणि आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर, परीक्षा म्हणजे ‘लाँग केस’. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला जलोदराचा सोपा पेशंट यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच हाताला न लागणारा. एक परीक्षक मायाळू, दुसरा तापट. निकालात विद्यार्थ्याची तयारी किती आणि नशीब किती, हे सांगता येत नसे. हार्डन यांनी परीक्षेचे तुकडे केले. ओळीने टेबलं किंवा खाटा मांडायच्या, प्रत्येक ठिकाणी एकच काम, ठरलेली मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या ठिकाणी. या ठिकाणांना स्टेशन म्हणतात. प्रत्येक स्टेशनवर परीक्षकाच्या हातात एकच छापील कागद असतो. विद्यार्थ्याने काय केलं तर किती गुण, आणि परीक्षकाने तोंडाने काय बोलायचं, हे दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. सगळं या कागदाच्या शब्दांवर ठरतं, म्हणून तो जवळून पाहू या.

समजा, आपण 8 मिनिटांचं स्टेशन लावलंय. खाटेवर पस्तिशीचे एक गृहस्थ आहेत. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढल्यामुळे त्यांची पानथरी बेंबीच्या खालपर्यंत आली आहे. बाकी त्यांना बरं वाटतंय, म्हणूनच ते परीक्षेला यायला तयार झाले. दारावर विद्यार्थ्यासाठी सूचना आहे: ‘या पेशंटचं पोट तपासा. सहा मिनिटांनी तुम्हाला निष्कर्ष विचारले जातील.’

कागदावर एकूण 30 गुण. हात धुणं, नाव सांगणं, परवानगी, पेशंटला एका उशीवर सपाट झोपवणं, छातीच्या खालपासून जांघेपर्यंतचंच अंग उघडं करणं आणि उजव्या बाजूला उभं राहणं, या सगळ्याला मिळून 5. हातांची नखं, डोळ्यांतला फिकेपणा आणि पिवळेपणा, मानेतल्या गाठी यांना 4. पोट नुसत्या नजरेने पाहण्याला 2, हलक्या हाताने चाचपण्याला 3, यकृताला 3, पानथरीला 4, मूत्रपिंडांना 2, बोटांनी ठोकून पोटात पाणी आहे का हे पाहण्याला 3, स्टेथोस्कोपला 1 आणि शेवटी निष्कर्ष सांगण्याला 3. एखाद्या महाविद्यालयात असा कागद सहज सापडेल आणि पहिल्या नजरेत त्यात काही वावगंही दिसत नाही.

आता यातली पानथरीची ओळ घ्या. पुष्कळ कागदांवर ती अशी असते: ‘प्लीहा तपासली – हो / नाही’. पेशंटच्या डाव्या बरगडीखाली जरा हात घातला तरी परीक्षकाला ‘हो’वर खूण करावी लागते. ज्या चुकीपासून आपण सुरुवात केली, ती या ओळीत दिसतच नाही. ओळ नीट लिहायची तर केलेली कृती लिहावी लागते. पूर्ण गुण केव्हा? हात उजव्या ओटीपोटात ठेवला, पेशंटला तोंडाने लांब श्वास घ्यायला सांगितलं, श्वास आत जाताना हात जागीच ठेवून वाट पाहिली, श्वास सुटताना दोनेक बोटं वर सरकला, आणि असं करत डाव्या बरगडीपर्यंत पोचला. अर्धे गुण केव्हा? दिशा बरोबर, पण श्वासाशी मेळ नाही. शून्य केव्हा? सुरुवात डाव्या बरगडीखाली.

श्वासाचा मुद्दा किरकोळ नाही. श्वास घेताना छातीचा पडदा खाली येतो आणि पानथरीला खाली ढकलतो. ती स्वतःहून येऊन थांबलेल्या बोटांना टेकते. हात त्याच वेळी हलत असेल तर कोण कोणाला लागलं हे बोटांना कळत नाही. इथे भाषेचीही एक अडचण येते. परीक्षकाशी इंग्रजीत बोलणारा विद्यार्थी पेशंटलाही ‘डीप ब्रेथ’ म्हणून मोकळा होतो. पेशंट श्वास घेतो आणि सोडायचा की नाही हे न कळल्यामुळे तसाच धरून ठेवतो. पोट ताठ होतं आणि तपासणी तिथेच फसते. ‘काका, तोंड उघडं ठेवा, सावकाश लांब श्वास घ्या, आता सोडा,’ एवढं मराठीत सांगणाऱ्याच्या हाताला कड लागण्याची शक्यता कितीतरी जास्त. कागदावर या वाक्यासाठी जागा हवी.

हलक्या हाताने चाचपण्याच्या ओळीतही असंच काहीतरी राहून जातं. पोटाचे नऊ भाग मोजून दाबले की गुण मिळतात, पण दाबताना विद्यार्थ्याची नजर कुठे होती हे कोणी लिहीत नाही. ती पेशंटच्या चेहऱ्यावर हवी. दुखणारी माणसं ‘दुखतंय’ म्हणतातच असं नाही. मोठ्या डॉक्टरांपुढे, परीक्षेच्या खोलीत तर नाहीच. कपाळावर आठी पडते, ओठ आवळले जातात. ‘कुठे दुखतंय का, दुखरी जागा मी शेवटी बघेन,’ असं आधी विचारणं आणि नंतर चेहरा पाहत राहणं, या दोन्हींना मिळून गुण द्यावेत आणि त्यातलं एकच केलं तर निम्मे.

आता याच कागदावर दोन विद्यार्थी तपासून पाहू. दोघे काल्पनिक आहेत, पण असे दोघे प्रत्येक परीक्षेत भेटतात.

पहिला मुलगा पाठांतराचा पक्का. हात धुतले, नखं पाहिली, डोळे पाहिले, मान चाचपली. नजरेने पाहणं झालं, नऊही भाग झाले, यकृत पद्धतशीर झालं. पानथरीसाठी हात थेट डाव्या बरगडीखाली गेला. त्याला पोट कडक वाटलं, पण तो थांबला नाही. मूत्रपिंडं, ठोकून पाहणं, स्टेथोस्कोप, सगळं वेळेत उरकलं. निष्कर्ष सांगताना म्हणाला, ‘यकृत, प्लीहा हाताला लागत नाहीत. पोटात पाणी असावं, कारण डावी कूस ठोकल्यावर बद्द वाजते.’

या वाक्यात त्याने स्वतःची चूक स्वतःच दाखवून दिली होती. पोटात पाणी असेल तर ते पालथ्या-उताण्याबरोबर जागा बदलतं. म्हणून ठोकत ठोकत बेंबीपासून कुशीकडे जायचं, जिथे आवाज बद्द होतो तिथे बोट तसंच ठेवायचं, पेशंटला उलट्या कुशीवर वळवायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि त्याच बोटावर पुन्हा ठोकायचं. पाणी असेल तर ते आता खाली गेलेलं असतं आणि तिथे पोकळ आवाज येतो. मुलाने वळवलं, पण थांबला नाही. आवाज बद्दच राहिला याची दखलही घेतली नाही. न हलणारा बद्दपणा, तोही फक्त डावीकडे, म्हणजे तिथे पाणी नसून काहीतरी घट्ट आहे. ती पानथरी होती. शिवाय या पद्धतीने कळायला पोटात साधारण दीड लिटर तरी पाणी साठलेलं लागतं. थोडं पाणी हाताला सापडत नाही, त्याला सोनोग्राफीच लागते. त्याचे गुण: पानथरीला 0, ठोकण्याला 2, निष्कर्षाला 0, बाकी सगळीकडे पूर्ण. बेरीज 22.

दुसरी मुलगी संथ. नखं राहिली, मानेतल्या गाठी राहिल्या. पण उजव्या ओटीपोटात हात ठेवल्यावर दुसऱ्याच श्वासाला ती थांबली. हाताला कड लागली होती. कडेवरून बोट फिरवताना तिला एक खाच लागली. वरच्या बाजूला बोटं घालून पाहिली, पण बरगडी आणि त्या गोळ्याच्या मध्ये शिरता येईना. वरून ठोकलं, आवाज बद्द आला. यात तिचा वेळ गेला. मूत्रपिंडं राहिली, पाण्याची तपासणी राहिली, स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. पण निष्कर्ष सांगताना ती म्हणाली, ‘प्लीहा बेंबीच्या खालपर्यंत वाढली आहे. हे मूत्रपिंड नाही, कारण याला खाच आहे, श्वासाबरोबर ते तिरकं हलतं, वर बोटं जात नाहीत आणि ठोकल्यावर बद्द वाजतं.’ मूत्रपिंड असतं तर मागून उसळवल्यावर पुढच्या हाताला लागलं असतं, त्याच्या वरच्या बाजूला बोटं गेली असती आणि त्याच्यावर आतडं असल्यामुळे आवाज पोकळ आला असता. तिच्या गुणांची बेरीज 21.

म्हणजे ज्याला आजार सापडला नाही, उलट नसलेला आजार सापडला, तो एका गुणाने पुढे. खुणांचा कागद माणसाला जास्तीत जास्त गोष्टी करायला बक्षीस देतो. अनुभवी डॉक्टर मात्र नेमक्या गोष्टी करतो आणि बाकीच्या सोडतो. टोरांटोतल्या संशोधकांनी 1999 मध्ये हेच दाखवलं होतं: चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊंपेक्षा कमी गुण पडले आणि ‘एकंदरीत कसा तपासला’ या परीक्षकाच्या मतात मात्र तेच वरचढ ठरले. म्हणून चांगल्या कागदाच्या तळाशी वेगळी एक पट्टी असते: नापास, काठावर, पास, चांगला, उत्कृष्ट. खुणांची बेरीज न पाहता परीक्षकाने यातला एक शब्द निवडायचा. आपल्या मुलाला बहुतेक ‘काठावर’ मिळेल, मुलीला ‘चांगली’.

या पट्टीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार आवडतो. सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण आणि त्यांना मिळालेला शब्द एका आलेखावर मांडले की त्यांतून एक सरळ रेषा काढता येते. त्या रेषेवर ‘काठावर’ या शब्दासमोर जे गुण येतात, ती त्या स्टेशनची पास होण्याची रेषा. स्टेशन अवघड असेल तर ती आपोआप खाली येते, सोपं असेल तर वर जाते. आपल्याकडे विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्णतेचे टक्के आधीच ठरलेले असतात, त्यामुळे ही रेषा तिथे लावता येत नाही. पण महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत ती जरूर काढून पाहावी. आपल्या 50 टक्क्यांपासून ती कितीशी लांब पडते हे पाहिलं तर स्टेशनबद्दल बरंच कळतं.

पण नुसत्या पट्टीवर भागवू नये, खुणांचा कागदही दुरुस्त करावा. ज्या पेशंटच्या पोटात एवढी मोठी पानथरी आहे, त्याच्यासाठी पानथरीला 4 ऐवजी 8 गुण द्या, निष्कर्षाला 3 ऐवजी 5. ते 6 गुण नखं, मान, मूत्रपिंड, यकृत, नुसतं पाहणं आणि स्टेथोस्कोप यांतून काढा. तेच दोन विद्यार्थी आता पुन्हा मोजले तर मुलाला 16 पडतात आणि मुलीला 25. उलट, खाटेवर निरोगी स्वयंसेवक असेल आणि फक्त पद्धत पाहायची असेल, तर पहिला कागद ठीक आहे, मात्र त्यात एक ओळ वाढवावी लागते. निरोगी पोटातही काही विद्यार्थी ‘प्लीहा दोन सेंटीमीटर लागते’ असं सांगतात, कारण परीक्षेत काहीतरी सापडलंच पाहिजे असं त्यांना वाटतं. न लागलेली पानथरी ‘लागत नाही’ असं स्वच्छ सांगण्याला गुण ठेवलेच पाहिजेत. एरवी निरोगी माणसाची पानथरी बरगडीआडच असते, ती दुप्पट-तिप्पट वाढेपर्यंत सहसा हाताला लागत नाही.

आता परीक्षकाच्या तोंडची वाक्यं. ती लिहून देण्याचं कारण असं, की परीक्षक हा मुळात शिक्षक असतो आणि त्याला शिकवल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या मिनिटाला त्याने एवढंच म्हणायचं: ‘तुम्हाला काय सापडलं ते सांगा.’ ‘पानथरी किती मोठी आहे?’ असं विचारलं की पानथरी वाढली आहे हे सांगून झालं. विद्यार्थी मध्येच गप्प झाला तर एकदाच, ‘पुढे काय कराल?’ तो म्हणाला की आता जांघेतल्या हर्नियाच्या जागा आणि गुदद्वारातून तपासणी करेन, तर ‘ती केली असं समजा, काही दोष नाही, पुढे चला.’ पेशंटला दुखवलं आणि ते लक्षातही आलं नाही, तर ‘थांबा,’ आणि तपासणी तिथेच बंद.

जे लिहिलेलं नाही ते बोलायचं नाही. ‘नक्की ना?’ हे दोन शब्द फार धोक्याचे. ते ऐकून चुकलेला विद्यार्थी उत्तर बदलतो, पण बरोबर असलेलाही बदलतो. कोणाला हे दोन शब्द ऐकायला मिळाले आणि कोणाला नाही, यावर निकाल हलतो. ‘डावीकडे परत एकदा बघता का?’ ही तर सरळ मदत झाली. मान डोलावणं, भुवया उंचावणं, ‘हं हं’ म्हणणं हेसुद्धा याच जातीचं. सकाळी हे सगळे नियम पाळले जातात. दुपारी, थकलेला परीक्षक जरा मऊ होतो आणि तीच चूक करणाऱ्या तिसाव्या विद्यार्थ्याला नकळत वाट दाखवतो. म्हणून वाक्यं कागदावर ठळक छापायची आणि त्यापलीकडचं काही बोललं गेलं तर तेही त्या विद्यार्थ्याच्या कागदावर लिहून ठेवायचं.

खाटेवरच्या माणसाकडेही पाहायला हवं. फुगलेली पानथरी नाजूक असते. दिवसभर डझनावारी अननुभवी हातांनी ती दाबली तर दुखते आणि जोरात दाबणं सुरक्षितही नसतं. एकसारख्या निष्कर्षाचे दोन पेशंट आणून त्यांना आलटून पालटून विश्रांती द्यावी. त्यांना येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन द्यावं. ‘बास’ म्हणायचा अधिकार त्यांना आहे हे परीक्षेआधी, त्यांच्या भाषेत, सांगावं. काही ठिकाणी पेशंटलाही दोन गुण द्यायला लावतात: हात सौम्य होता का, सांगितलेलं कळलं का. आमच्यासारख्यांच्या मतापेक्षा हे दोन गुण मला जास्त विश्वासाचे वाटतात. विद्यार्थ्याच्या हाताचा दाब किती होता, हे समोर बसलेल्या परीक्षकाला दिसत नाही.

आणि परीक्षा सुरू होण्याआधी, पहिली घंटा वाजायच्या आत, त्या स्टेशनवर बसणाऱ्या सगळ्या परीक्षकांनी एकामागोमाग एक, एकमेकांना न सांगता, पेशंट तपासून आपले निष्कर्ष लिहायचे. पानथरी बरगडीखाली किती सेंटीमीटर, खाच लागते का, यकृत लागतं का. हाताने मोजलेल्या मापात तज्ज्ञांमध्येही फरक पडतो, म्हणून मधला आकडा धरून दोन सेंटीमीटर इकडचं-तिकडचं उत्तर बरोबर मानायचं, असं कागदावर लिहून टाकायचं. खाच एकाला लागली आणि दुसऱ्याला नाही, तर खाचेचे गुण काढून टाकायचे. आणि यकृत वाढलंय की नाही यावरच परीक्षकांचं जमलं नाही, तर तो पेशंट त्या दिवशी परीक्षेला ठेवायचा नाही. त्यांचे आभार मानून, मानधन देऊन, राखीव ठेवलेल्या दुसऱ्या पेशंटला आत बोलवायचं.